बी.एड.च्या अर्जासाठी शिफारसपत्र लिहिताना

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. डिचोलीकडची मुलगी, चार वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. मधल्या काळात एका पतसंस्थेत नोकरी केली, संध्याकाळी घरी शिकवण्या घेतल्या आणि आता गोव्याबाहेरच्या एका संस्थेत बी.एड.ला अर्ज करत होती. तिथे दोन शिफारसपत्रं मागितली होती. "सर, एक तुम्ही द्याल ना? शनिवारपर्यंत पाठवायचंय." फोन मंगळवारी आला होता.

मी लगेच हो म्हटलं. रात्री संगणकातलं एक जुनं पत्र उघडलं, नाव आणि वर्ष बदललं. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, शिकवण्याची मनापासून आवड. वीस मिनिटांत पत्र तयार. सकाळी ते बायकोला वाचायला दिलं. ती मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ह्यात ती मुलगी खंय आसा?" मग दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथे आधीच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला पुल्लिंगी शब्द तसाच राहून गेला होता. मला खरोखर लाज वाटली. एका मुलीची दोन वर्षं त्या कागदावर ठरणार होती आणि मी तो कागद धड वाचलाही नव्हता.

त्याच दिवशी मी तिला परत फोन केला आणि चार गोष्टी मागवल्या: संस्थेच्या फॉर्ममधले प्रश्न जसेच्या तसे, सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, अर्जासोबत तिने स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन, आणि माझ्या वर्गातलं तिला आठवतं असं काहीही. निवेदन यासाठी की तिने एक सांगायचं आणि मी भलतंच, असं व्हायला नको. शेवटची मागणी ऐकून ती जरा गोंधळली. पण चार वर्षांत माझ्यासमोरून शेकडो मुलं गेली होती. तिचा चेहरा आठवत होता, ती तिसऱ्या बाकावर बसायची हेही आठवत होतं. त्यापलीकडे फारसं काही हाताला लागत नव्हतं.

तिचा मेसेज आला: "सर, पहिल्या वर्षाच्या मुलांचा ब्रिज कोर्स आठवतो? तुम्ही मला आणि अजून दोघांना मदतीला घेतलं होतं." तेवढ्याने सगळं चित्र उभं राहिलं. मी व्हरांड्यातून जात होतो आणि ती एका मुलाशेजारी उभी होती. त्याने वहीत लिहिलं होतं, एक छेद एक्स अधिक एक छेद वाय बरोबर दोन छेद एक्स अधिक वाय. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक आम्हाला दर वर्षी भेटते आणि आपण बहुतेक जण 'नाही, आधी छेद समान कर' म्हणून मोकळे होतो. तिने तसं केलं नाही. म्हणाली, "एक्स दोन घे, वायपण दोनच घे. आता डावीकडे किती?" तो म्हणाला, अर्धा अधिक अर्धा, एक. "आणि उजवीकडे?" दोन छेद चार, म्हणजे अर्धा. तो स्वतःच्या वहीकडे बघत राहिला. ती काहीच बोलली नाही, खडू हातात धरून नुसती थांबली. ते थांबणं मला स्पष्ट आठवलं, कारण मी त्या जागी असतो तर एव्हाना उत्तर सांगून टाकलं असतं.

पत्राचा मधला आणि सगळ्यात मोठा परिच्छेद मी हाच लिहिला. गुणांबद्दल एकच ओळ ठेवली, कारण गुणपत्रिका अर्जाला जोडलेलीच असते. प्रवेशासाठी पदवीला निदान पन्नास टक्के लागतात, तिला अठ्ठावन्न होते, म्हणजे ती दाराच्या आत होती. पण तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्यातले वीस आठवडे शाळेत. समोर चुकलेलं मूल असताना ही मुलगी काय करते, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. ते मी पाहिलं होतं.

अडचण पाचव्या सत्राची होती. तिथे तिचे गुण एकदम घसरले होते. तेव्हा वडील आजारी होते, ती दवाखान्यातून थेट कॉलेजला यायची, हे मला ठाऊक होतं. पण ते मी परस्पर लिहावं का? मी तिलाच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आजार नका लिहू सर, घरची अडचण म्हणा." मग एवढंच लिहिलं की त्या सत्रात घरच्या अडचणीमुळे तिचे गुण उतरले आणि सहाव्या सत्रात ते पुन्हा वर आले. हा भाग अजिबात वगळला असता तर गुणपत्रिका वाचणाऱ्याला वाटलं असतं की सरांनी काहीतरी झाकलंय.

तिच्या घरच्या शिकवण्यांबद्दल तिने बरंच कळवलं होतं, पण मी त्या पाहिल्या नव्हत्या. त्यामुळे त्या लिहिल्या नाहीत. दुसरं पत्र ती पतसंस्थेच्या व्यवस्थापकांकडून घेणार होती. मी म्हटलं, "अगो, शिकवण्यांना येणाऱ्या एखाद्या मुलाच्या शाळेतल्या बाईंना विचार. त्या मुलात काय फरक पडला ते त्यांना दिसलं असेल." तिने तसंच केलं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र फॉर्मवरच्या चौकटींनी खाल्ला. विषयज्ञान, समजावून सांगणं, जबाबदारी, प्रत्येकापुढे विचारलं होतं की विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत, दहात, की पंचवीसमध्ये. सगळीकडे पहिल्या चौकटीत खूण करायचा मोह होतो. पण विषयज्ञानात ती वर्गातली पहिली-दुसरी नव्हती आणि तिथे पाच टक्के म्हटलं असतं तर सोबतच्या गुणपत्रिकेनेच मला खोटं पाडलं असतं. मग समजावून सांगण्याच्या चौकटीवरही कुणी विश्वास का ठेवावा? विषयज्ञानाला पंचवीस, समजावून सांगण्याला पाच, अशी खूण केली. हात थोडा अडखळला.

कॉलेजच्या लेटरहेडवर लिहायचं तर प्राचार्यांची परवानगी आणि कार्यालयाचा जावक क्रमांक लागतो, त्यात शुक्रवारची दुपार गेली. पत्र बंद लिफाफ्यातच हवं होतं. लिफाफा चिकटवला, झाकणाच्या सांध्यावर अर्धी इकडे अर्धी तिकडे येईल अशी सही केली, वर शिक्का मारला. फॉर्मच्या चौकटी ऑनलाइन भरायच्या होत्या. त्याची लिंक माझ्या मेलच्या स्पॅममध्ये दोन दिवस पडून होती, ती शुक्रवारी रात्री सापडली. ती मुलगी कदंबा बसने साखळीला आली, लिफाफा घेतला आणि शनिवारी अर्ज गेला.

जूनच्या मध्यावर मुलाखत झाली. संध्याकाळी तिचा फोन आला, मागे पावसाचा एवढा आवाज की निम्मं ऐकू येत नव्हतं. तिथल्या बाईंनी माझ्या पत्रातला तो परिच्छेद मोठ्याने वाचला आणि विचारलं, "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सर. पुढच्या आठवड्यात त्याने वर्गमुळाच्या बेरजेत तीच चूक केली. पण या वेळी मी काही बोलायच्या आधीच त्याने एक्सला नऊ आणि वायला सोळा घालून बघितलं."