तुम्ही विचारलंत म्हणून: ताईंच्या शेजारचा डबा

"एवढं सगळं होऊनही तू त्या ताईंच्या शेजारी बसून डबा कशी काय खातेस गं?"

खाते. रोज खाते. आणि मला काही वाटत नाही म्हणून खात नाही, हे आधी सांगते.

आमचा घटस्फोटाचा अर्ज दोघांच्या संमतीचा होता. अर्ज दिल्यावर कोर्ट सहा महिने थांबायला लावतं, मग दुसरी तारीख. वकील म्हणाले 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं त्यात सूट मागता येते, पण आम्ही नाही मागितली. त्या सहा महिन्यांत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतं आणि मग सगळं पुन्हा शून्यापासून, म्हणून मला ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. फक्त ताईंना सांगितलं होतं. अकरा वर्षं परभणीहून एकत्र अप-डाऊन, पोराला डेंग्यू झाला तेव्हा माझ्याबरोबर रात्रभर दवाखान्यात बसलेली बाई, तिला नाही सांगायचं तर कुणाला?

जानेवारीत ऑफिसातल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. जेवणाच्या सुट्टीत, रेकॉर्ड रूमबाहेरच्या पॅसेजमध्ये. वाण म्हणून स्टीलच्या छोट्या वाट्या होत्या, वर्गणी मी पण दिलेली. एकीनं करंडा घेतला आणि ओळीनं कुंकू लावत आली, माझ्यापाशी आल्यावर तिचं बोट करंड्यातच थांबलं, तिनं ताईंकडं बघितलं आणि पुढच्या बाईकडं गेली. एवढंच झालं. मी कायद्यानं तेव्हा लग्नाचीच बायको होते, गळ्यात मंगळसूत्र होतं, तरी तिचं बोट थांबलं, म्हणजे तिला माहीत होतं. आणि ताई खाली मान घालून वाट्या मोजत होत्या. मोजलेल्याच वाट्या परत मोजत होत्या. नंतर कुणीतरी एक वाटी माझ्या टेबलावर आणून ठेवली, तिळगुळासकट. ती अजून ड्रॉवरमध्ये आहे, टाचण्या ठेवायला.

तरी मी स्वतःला म्हणत होते की त्या नसतील, अंदाजानं कुणीतरी बोललं असेल. मग शिपाई मामा अगदी मायेनं म्हणाले, "म्याडम, वीस तारखेला सुट्टी लागंल ना तुमाला?" आता कोर्टात चाललंय हा अंदाज कुणीही करेल, पण तारखेचा अंदाज करता येत नाही. वीस तारीख मी एकाच माणसाला सांगितली होती.

तीन आठवडे मी गप्प बसले आणि ही माझी चूक होती असं मी आता म्हणते, तेव्हाची मी म्हणायची की गप्प बसणं म्हणजे इज्जत राखणं. झालं काय, की मी काहीच सांगत नाही म्हटल्यावर लोकांनी कारण शोधलं. आमच्याच गाडीनं येणाऱ्या एका सरांचं नाव जोडलं. हे सासरी गेलं असतं तर संमती राहिली असती का?

मग ताईंना रेकॉर्ड रूममध्ये एकटीला गाठलं. का सांगितलं हे विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, कारण कामून विचारलं की माणूस रडतं आणि आपणच समजूत घालत बसतो. कुणाकुणाला आणि काय काय, एवढंच विचारलं. दोन नावं सांगितली. "काळजीपोटी बोलले गं, तुला कुणी टाकून बोलू नये म्हणून." सरांचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं म्हणाल्या आणि मला ते खरं वाटतं. मी म्हटलं, आता माझ्या बाजूनं पण बोलू नका.

त्या दोघींना आणि साहेबांना मीच जाऊन सांगितलं, कोर्टात चालू आहे, दोघांच्या मर्जीनं आहे, यापुढं बोलायचं नाही मला. तेच वाक्य, प्रत्येकाला तेवढंच. आठवड्याभरात विचारणं कमी झालं. सरांची गोष्ट मात्र अशी मिटत नाही. तसल्या घाणेरड्या बोलण्याची तक्रार ऑफिसातल्या महिलांच्या तक्रार समितीकडं करता येते, तीन महिन्यांच्या आत. घटस्फोटाची नुसती चर्चा त्यात बसत नाही. मी तक्रार केली नाही, तारीख तोंडावर होती. करायला पाहिजे होती का? रोज वेगळं उत्तर येतं.

आणि जागा का नाही बदलली? बदलली असती तर तीच नवी बातमी झाली असती. हे मी सगळ्यांना सांगते. दुसरं कारण सांगत नाही, ते आज सांगते, मला त्यांच्याशिवाय जेवण जात नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, पोराला कोणत्या शाळेत टाकणार. "बघू," म्हटलं. मी शाळा ठरवलेली होती आणि "बघू" का म्हणाले ते त्यांना कळलं. काही न बोलता त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या डब्यात ठेवला, मी तो खाल्ला.