पाऊण मिनिटाचा निरोप

तुम्ही विचारलंत म्हणून: «घरी पाठवायला भलामोठा मेसेज लिहिलाय, पण तेवढा कोणी वाचत नाही. त्याची छोटी व्हॉइस नोट कशी करू?»

आधी मेसेजमधल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे कळल्यावर घरच्यांना काही करायचंय का, किंवा त्यांचा काही बेत बदलतो का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर ते वाक्य फोनवरच्या गप्पांसाठी ठेवा. सगळ्यात जास्त जागा खातात ती कारणं: रजा का मिळाली नाही, साहेब काय म्हणाले, तिकिटं कशी महागली. त्यांचं एक वाक्य पुरे. घरची माणसं खोदून विचारणारच आहेत, तेव्हा सांगा.

समजा, येण्याची तारीख पुढे गेली आहे आणि त्यावर तीनशे शब्द लिहून झालेत. त्यातून एवढं उरतं:

«आई, बाबा, आम्ही सगळे मजेत आहोत. एकच बदल सांगायचाय. आम्ही चौदाला येणार होतो, ते आता एकवीसला येतोय. रजा पुढे ढकलावी लागली. परतायची तारीख तीच आहे, म्हणजे राहणं आठवडाभर कमी होईल. बाबा, एक काम होतं. घराच्या कागदांची झेरॉक्स काढून ठेवा, म्हणजे आल्या आल्या सह्या करता येतील. आत्याला मी स्वतः फोन करून सांगते. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा सविस्तर बोलू. परत सांगते, चौदा नाही, एकवीस.»

हे साठेक शब्द आहेत. सावकाश बोललं तरी पाऊण मिनिटाच्या आत संपतात. «मजेत आहोत» ही औपचारिकता नाही. परगावाहून अवेळी आलेला निरोप ऐकताना आईवडिलांच्या मनात आधी काळजीच येते, आणि ती फिटेपर्यंत पुढचं कानावर पडूनही डोक्यात शिरत नाही.

तारीख दोनदा सांगितली, कारण फोनच्या स्पीकरवर एकवीस आणि एकतीस सारखेच ऐकू येतात. नुसतं «शनिवारी» म्हणून भागणार नाही, आठवड्याच्या फरकाने दोन्ही दिवस शनिवारच असतील. म्हणून नोटखाली «२१ तारीख, शनिवार» एवढं टाइप करून टाका. गाडीचा नंबर, पत्ता, रक्कम यांचंही तेच.

लिहिताना चालणारी लांब वाक्यं इथे मोडायला लागतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. «रजा न मिळाल्यामुळे तिकीट बदलून घेऊन एकवीसला...» असं सुरू केलं, की येणार की नाही हे कळायला ऐकणाऱ्याला ताटकळावं लागतं. एका वाक्यात एकच क्रियापद ठेवलं तर बरं.

पैशाचं, आजारपणाचं किंवा कुणाबद्दलच्या नाराजीचं काही असेल तर ते नोटमध्ये नकोच. घरी नोट बहुधा स्पीकरवर लागते आणि शेजारी कोण बसलंय हे आपल्याला दिसत नाही.

रेकॉर्ड करताना कागदावरून वाचू नका, बातमी दिल्यासारखं वाटतं. दोनदा मोठ्याने म्हणा, मग कागद बाजूला ठेवून बोला. एखादा शब्द इकडेतिकडे झाला तरी चालेल, तारीख मात्र पाठवण्याआधी ऐकून घ्या.