जाहिरातीची पहिली ओळ

आज रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यासाठी डिप्लोमा झालेल्या नव्या मुलांच्या भरतीची जाहिरात लिहायला बसलो. सुरुवात जमेना. ‘शिकण्याची उत्तम संधी’ लिहिलं आणि खोडलं. काय शिकणार, ते कुठे कळतंय त्यातून?

मग गेल्या वर्षीचा एक मुलगा आठवला. सीएनसी लेथवर ५० मिमीचा शाफ्ट चालू होता, माप ५०.००० ते ४९.९८४ च्या मधे हवं. मशीनमधून नुकताच काढलेला जॉब, हाताला चांगला गरम. त्याने मायक्रोमीटर लावला: ५०.००५. मोठा आला म्हणून ऑफसेटमध्ये व्यासाला ०.०१० कमी केलं. पुढचे जॉब गरम असताना ४९.९९५, अगदी बरोबर. तासाभराने क्वालिटीवाल्या ताईंनी थंड झालेले मोजले तर ४९.९८३. सगळे रिजेक्ट.

स्टील वीस अंशांनी तापलं की ५० मिमीला साधारण ११-१२ मायक्रॉन फुगतं. म्हणजे पहिला जॉब थंड झाल्यावर ४९.९९३ वर, मापातच बसला असता. पोराचं मोजमाप चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती. आणि हे त्याला आधी सांगायचं काम माझं होतं, ते राहिलं, याची रुखरुख अजून आहे.

शेवटी जाहिरात अशी सुरू केली: ‘पहिला महिना तुम्ही मशीनशेजारी उभं राहून जॉब मोजाल, गरम असताना आणि थंड झाल्यावरही. दोन मापांत फरक का पडतो, ते तुमच्यासोबत उभा असलेला सीनियर समजावून सांगेल. ऑफसेटला हात त्यानंतर.’

साहेबांनी वाचून तशीच ठेवली. ओळखीत कोणी मेकॅनिकल डिप्लोमावाले असतील तर जरूर कळवा.