‘इग्वालमेंत’चे चार महिने

माझा जोडीदार पोर्तोचा. दोन वर्षं पुण्यात काम करून तो ऑक्टोबरच्या शेवटी परत गेला आणि मी नोव्हेंबरपासून रोज सकाळी त्याला पोर्तुगीजमध्ये मेसेज पाठवायला लागले. एरवी आम्ही इंग्रजीत बोलतो. पण डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य त्याच्या भाषेतलं असावं, असं मला मनापासून वाटत होतं. (पोर्तुगीज शब्द इथे कानाला आले तसे देवनागरीत लिहिते आहे.)

लिपी, कीबोर्ड, जुजबी व्याकरण यांत फार वेळ गेला नाही. वेळ गेला तो त्याच्या उत्तरात. पहिले चार महिने ते जवळजवळ रोज सारखंच यायचं: ‘ओब्रिगादु, इग्वालमेंत’. म्हणजे ‘धन्यवाद, तुलाही तसंच’. पुढे एखादा हसरा चेहरा असायचा, कधी तोही नसायचा. फोनवर हाच माणूस तासभर बोलतो, स्वयंपाक करताना मला स्पीकरवर ठेवतो. मग माझ्या सकाळच्या मेसेजला एवढं कोरडं उत्तर का? याचा मला खूप त्रास झाला. दोन-तीनदा मी त्याला विचारलंही, ‘मेसेज आवडत नाहीत का?’ तो म्हणायचा, ‘आवडतात, छान असतात.’ ते ‘छान’ मला आणखी टोचायचं.

मी तेव्हा काय पाठवत होते ते सांगते. ‘प्रेमळ सकाळचे शंभर संदेश’ छापाच्या एका पानावरून वाक्यं घ्यायची, एक-दोन शब्द बदलायचे आणि पाठवायची. त्यातलं एक मला अजून पाठ आहे: ‘बों दीया, मेउ आमोर! के सेउ दीया सेझा तांव लींदु क्वांतु व्होसे.’ शुभ सकाळ, माझ्या प्रिया, तुझा दिवस तुझ्याइतकाच सुंदर जावो. अर्थ गोड, व्याकरण बिनचूक. मला त्यात काही खोट दिसत नव्हती, म्हणून मी त्याच धर्तीवर आणखी गोड वाक्यं शोधत राहिले. सूर्य, फूल, देवदूत सगळं वापरून झालं. उत्तर तेच, इग्वालमेंत.

फेब्रुवारीत एका मैत्रिणीकडे मडगावला गेले होते. तिची आजी १९६१च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. मैत्रिणीने सहज विषय काढला आणि आजींनी माझा फोन मागून घेतला. चष्मा लावून त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बाय, हे ब्राझीलचं गो. आणि तू त्याला व्होसे म्हणतेस?’

मी म्हटलं, ‘व्होसे म्हणजे तू ना?’

‘मराठीत नवऱ्याला आपण कसे आहात, असं रोज सकाळी विचारशील?’ त्यांनी विचारलं. ‘त्याला तू म्हण. पोर्तुगीजमध्येही तू म्हणजे तूच.’

हे खरोखर अक्षरशः तसंच आहे. पोर्तुगीजमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’ म्हणतात, उच्चारही आपल्यासारखाच. ब्राझीलच्या बहुतेक भागांत रोजच्या बोलण्यात ‘व्होसे’ चालतं, नवरा-बायकोतही, आणि तिथे ते पूर्ण जिव्हाळ्याचं आहे. पोर्तुगालमध्ये मात्र जोडीदार, भावंडं, मित्र ‘तू’ असतात. व्होसेत तिथे अंतर आहे. अनोळखी माणसाशी बोलतानाही कित्येक जण तो शब्द उघड उच्चारत नाहीत, नुसतं क्रियापद वापरतात, कारण तोंडावर व्होसे म्हटलेलं काहींना उद्धट वाटतं. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या वर आणि पोर्तुगालची एक कोटीच्या आसपास, त्यामुळे शोधल्यावर समोर येणारी बहुतेक वाक्यं ब्राझीलची असतात आणि तसं कुठेही लिहिलेलं नसतं. माझा राग अजून त्यावर आहे. एका ओळीत ‘ही ब्राझीलची पोर्तुगीज आहे’ एवढं छापलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही, हे मला घरी येऊन कळलं. व्होसेबरोबर क्रियापद तृतीय पुरुषात जातं आणि ‘तुझा’साठी सेउ, सुआ येतं. तूबरोबर क्रियापद वेगळं आणि ‘तुझा, तुझी’ म्हणजे तेउ, तुआ. ‘झोप लागली का नीट?’ हे ब्राझीलच्या पद्धतीने ‘दुर्मीउ बेंय?’ आणि त्याच्या घरच्या पद्धतीने ‘दुर्मीश्त बेंय?’. त्यात ‘तू’ लिहावंही लागत नाही, आपल्या ‘झोपलास का’सारखं ते शेवटच्या ‘श्त’मध्येच येतं. (याच्या शेवटी आणखी एक ‘स’ जोडू नका. मी जोडला होता. खूप जण जोडतात म्हणे, पण तो चूकच.) ‘तुझी आठवण येते’ हे तिकडे ‘तेन्यु साउदादश तुआश’, आणि त्यातलं तुआश म्हणजे आपलं ‘तुझी’ आहे हे कळल्यावर मला ते वाक्य कधीच पाठ करावं लागलं नाही. अर्धं वाक्य तूचं आणि अर्धं व्होसेचं असं मिश्रण मात्र त्याच्या कानाला लगेच कळतं. ब्राझीलमध्ये बोलताना ते सर्रास चालतं, पोर्तोत ते कुठून तरी उचललेलं वाटतं.

तरीही हे सगळं दुरुस्त करून पहिला मेसेज पाठवला, ‘के उ तेउ दीया सेझा लींदु’, तुझा दिवस सुंदर जावो, आणि उत्तर आलं: ‘ओब्रिगादु, आमोर, इग्वालमेंत’. आमोर वाढला होता, इग्वालमेंत तिथेच. त्या दिवशी मी रडले.

मग त्या रात्री त्याला फोनवर आजींची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे तो मोकळेपणाने बोलला. ‘के’ने सुरू होणारं ते ‘जावो, असो, लाभो’ वाक्य म्हणजे शुभेच्छा. त्याच्या मावशा गुलाबाच्या चित्रावर तेच लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. आपल्याकडे चहाचा कप आणि सुप्रभातवाली चित्रं येतात ना, तंतोतंत तीच. आणि शुभेच्छेला पोर्तुगीज माणूस लहानपणापासून एकच उत्तर शिकतो: इग्वालमेंत. तो कोरडा नव्हता. माझ्या वाक्याला त्याच्या भाषेत दुसरं उत्तरच नव्हतं.

म्हणजे शुभेच्छा द्यायचीच नाही, विचारायचं. ‘झोप लागली का’ याला ‘तुलाही तसंच’ असं उत्तर देता येत नाही. हे कळल्यावर मला हायसं वाटलं, कारण आपण घरी प्रेम करतो ते असंच. माझ्या आईने आयुष्यात कुणाला ‘तुझा दिवस सुंदर जावो’ म्हटलेलं नाही. ती विचारते, ‘चहा झाला का?’ मी तेच विचारायला लागले. न्याहारीला तिकडे ‘पिकेनु-आल्मोसु’ म्हणतात, म्हणजे छोटं जेवण. माझ्या यादीत तिथेही ब्राझीलचं ‘काफे दा मान्यां’ होतं.

दुसऱ्या दिवशीचा मेसेज जसाच्या तसा देते. आदल्या रात्री तो म्हणाला होता की सकाळी आजोबांना दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. मी लिहिलं: ‘बों दीया, आमोर. दुर्मीश्त बेंय? ओझ लेव्हश उ आवो आउ देंतीश्त. उं बैझीन्यु आउश दोइश.’ झोपलास का नीट? आज आजोबांना दाताला न्यायचंय ना. दोघांना एक पापा. चार छोटी वाक्यं, एकही उपमा नाही. त्याचं उत्तर सात ओळींचं आलं. आजोबा कवळी काढायला कसे तयार नव्हते, डॉक्टरशी कसे भांडले, सगळं. मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून ते तीनदा वाचलं.

आजोबा लिहिताना ‘ओ’वरचं चिन्ह नीट बघा. टोपीसारखं चिन्ह असेल तर आवो, आजोबा. उजवीकडे चढणारी रेघ असेल तर आवॉ, आजी. आपल्या कानाला ओ आणि ऑ वेगळे कळतात, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे.

‘आमु-त’, माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे मी रोज लिहायचे. ते तिकडे वजनदार आहे. रोजच्यासाठी ‘आदोरु-त’ किंवा ‘गोश्तु मुय्तु द ती’ हलकं आणि तितकंच खरं. आता आमु-त मी क्वचित लिहिते आणि त्या दिवशी तो फोन करतो.

हे आधी सांगायला हवं होतं: घड्याळ. मी सकाळी सातला उठून पाठवायचे तेव्हा त्याच्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असायचा. हिवाळ्यात पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. तो साडेसातला उठतो, म्हणून मी हिवाळ्यात एक वाजता पाठवते, उन्हाळ्यात बाराला. दोन्ही वेळा माझा डबा खायच्या आसपासच्या. ज्यांचं माणूस साओ पाउलोला आहे त्यांना वर्षभर साडेआठ तास धरावे लागतील, तिथे २०१९पासून घड्याळ बदलत नाहीत. आणि अर्थात त्यांनी व्होसेच लिहावं. माझं दुर्मीश्त तिकडे परकं वाटेल.

लिहायला काही सुचत नसेल त्या दिवशी मी घरातला एखादा शब्द पाठवते. चावी सापडत नव्हती, त्यांच्याकडे ती शाव्ह. बटाटा तर बटाटाच. अननसही अननसच, मात्र ब्राझीलमध्ये त्याला आबाकाशी म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात त्याची भाषा चारशे वर्षांपासून बसलेली आहे, याचं त्याला फार अप्रूप आहे.

गेल्या आठवड्यात कुठे तरी वाचलं की पोर्तोत एस्प्रेसोला ‘सिंबालीनु’ म्हणत, ला चिंबाली या इटालियन यंत्रावरून. लिस्बनमध्ये तिलाच बीका म्हणतात. मी विचारलं, ‘झा बेबेश्त उ तेउ सिंबालीनु?’, तुझा सिंबालीनु झाला का? त्याने लिहिलं की हा शब्द आता घरात फक्त आजोबा वापरतात, आणि खाली फोटो होता: दोन कप, आजोबांचा हात, आणि मागे खिडकीत पाऊस.