फोटोत गाडी आणि झाड बसवताना: माझा अनुभव

एका आर्किटेक्टकडून दुमजली घराच्या दर्शनी भागाचा फोटो आला. सोबतची मागणी छोटीशी होती: फाटकाच्या आत एक गाडी उभी दिसू दे आणि डाव्या कोपऱ्याशी सहा मीटर उंचीचं झाड हवं. कापून चिकटवण्याचं, रंग जुळवण्याचं काम मी रोज करतो. या वेळी मात्र ‘डोळ्याला बरं दिसेपर्यंत ओढा’ या पद्धतीने जायचं नाही, आधी मापं काढायची असं ठरवलं. झाडाची उंची मीटरमध्ये सांगितलेली होती आणि ती फोटोत खरी ठरायला हवी होती.

सुरुवात क्षितिजरेषेपासून केली. फोटोत क्षितिज कुठेच दिसत नव्हतं, समोर घर आणि कुंपण होतं. पण फाटकापासून आत जाणाऱ्या फरशीच्या कडा प्रत्यक्षात एकमेकींना समांतर असतात. त्या दोन्ही कडा वेगळ्या लेयरवर रेघांनी पुढे वाढवल्या की जिथे मिळतात तो व्हॅनिशिंग पॉइंट, आणि सपाट जमिनीवर त्यातून जाणारी आडवी रेघ म्हणजे क्षितिज. खात्रीसाठी खिडक्यांच्या बाजूच्या भिंतीवरच्या रेषाही वाढवून पाहिल्या. त्यांचा बिंदू वेगळीकडे आला, पण पडला त्याच रेघेवर.

ही रेघ म्हणजे कॅमेऱ्याची उंची. जमीन सपाट आणि कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर फोटोतल्या प्रत्येक वस्तूला ती रेघ जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर छेदते, वस्तू जवळ असो की लांब. ती उंची मीटरमध्ये काढण्यासाठी मी दाराचा आधार घेतला. दार 2.1 मीटरचं होतं, फोटोत 420 पिक्सेल भरलं, म्हणजे तिथे एक मीटरला 200 पिक्सेल. क्षितिजरेषा उंबरठ्याच्या 230 पिक्सेल वर होती, म्हणजे 1.15 मीटर. इथे थांबून चालत नाही, कारण दार जोत्यावर आहे आणि गाडी उभी राहणार अंगणात. तीन पायऱ्या, प्रत्येकी 15 सेंटिमीटर, असे 45 सेंटिमीटर मिळवले आणि कॅमेऱ्याची उंची 1.6 मीटर निघाली. उभ्या माणसाने डोळ्याशी कॅमेरा धरून काढलेल्या फोटोला ती शोभणारीच होती. जोतं विसरलं असतं तर कॅमेरा 1.15 मीटरवर धरला गेला असता आणि प्रत्येक वस्तू जवळजवळ 1.4 पट मोठी झाली असती.

पुढचं गणित सोपं. वस्तू जिथे जमिनीला टेकणार ती जागा ठरवायची आणि तिथून क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर मोजायचं. ते अंतर म्हणजे त्या जागी 1.6 मीटर. गाडी उभी करायची जागा रेघेच्या 480 पिक्सेल खाली होती, म्हणजे एका मीटरला 300 पिक्सेल, आणि 1.5 मीटर उंचीची गाडी 450 पिक्सेलची. झाडाचा बुंधा 400 पिक्सेल खाली, मीटरला 250, सहा मीटरचं झाड 1500 पिक्सेलचं. घर सात मीटरचं असूनही झाडाचा शेंडा फोटोत छपराच्या किंचित वर गेला. नुसत्या नजरेवर सोडलं असतं तर मी ते नक्की खाली दाबलं असतं. पण झाड घराच्या पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ आहे, त्यामुळे शेंडा तिथेच असायला हवा.

गाडीची उंची मोजताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. गाडी तिरकी उभी असेल तर पुढचं चाक जवळ आणि मागचं लांब असतं, छप्पर मात्र मधोमध. त्यामुळे 480 पिक्सेल मी पुढच्या चाकापासून न मोजता चारही चाकांच्या मधल्या जागेपासून मोजले. पुढच्या चाकाचं माप धरलं तर गाडी थोडी फुगते, आणि ती घराच्या तुलनेत ‘मोठी का वाटतेय’ हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गाडीचा फोटो निवडण्यात. आकार मोठा-लहान करता येतो, कोन बदलता येत नाही. माझ्या संग्रहातल्या एका छान गाडीचा फोटो हेडलाइटच्या उंचीवरून काढलेला होता. तिच्या खिडक्यांची खालची कड आणि चाकांच्या तळाची रेघ वाढवली तर गाडीच्या दाराच्या मध्याएवढ्या उंचीवर मिळत होती, म्हणजे कॅमेरा जेमतेम 80 सेंटिमीटरवर. माझ्या फोटोत ती रेघ छपराच्या 30 पिक्सेल वर हवी होती. अशा गाडीला कितीही छान सावली दिली तरी ती जमिनीवर बसत नाही, घराची जमीन एका पातळीवर आणि गाडीची दुसऱ्याच पातळीवर दिसते. ती बाजूला ठेवली. मला अशी गाडी हवी होती जिचं छप्पर वरून अगदी पातळ पट्टीएवढंच दिसतं, कारण कॅमेरा छपरापेक्षा फक्त दहा सेंटिमीटर वर होता.

दुसरी चाळणी अंतराची. घराचा फोटो 24 मिलिमीटरच्या लेन्सने फुल फ्रेम कॅमेऱ्यावर काढलेला होता आणि तो 4500 पिक्सेल रुंद होता. त्या हिशेबाने मीटरला 300 पिक्सेल असलेली जागा दहा मीटरवर पडते. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये खोलीचा फरक दोन मीटरचा असेल, तर एक चाक नऊ मीटरवर आणि दुसरं अकरावर, म्हणजे जवळचं चाक लांबच्यापेक्षा सुमारे 22 टक्के मोठं दिसायला हवं. चाळीस मीटरवरून टेलिफोटोने काढलेल्या गाडीत हाच फरक पाच टक्केच असतो, दोन्ही चाकं जवळपास सारखी दिसतात. ती रुंद लेन्सच्या फोटोत चपटी, पुठ्ठ्यातून कापल्यासारखी वाटते. फोटोशॉपच्या Ctrl+T मधल्या Perspective ने ओढून पाहण्याचा मोह होतो, पण चाकं वर्तुळाच्या लयीतून सुटतात आणि लगेच उघडं पडतं. शेवटी मोकळ्या जागेत उभी असलेली एक गाडी 1.6 मीटर उंचीवरून, दहा मीटर अंतरावरून मीच टिपली. पाच मिनिटांचं काम, आणि ते आधीच करायला हवं इतकं उपयोगी.

झाड मानाने क्षमाशील असतं. त्याला सरळ कडा नसतात, त्यामुळे कोनातला थोडा फरक खपून जातो. पण दोन गोष्टी लपत नाहीत. एक, फांद्यांची खालची बाजू: 1.6 मीटरवरून बघणाऱ्याला सहा मीटरच्या झाडाचा पर्णसंभार खालूनच दिसतो, म्हणून टेकडीवरून टिपलेलं झाड चालत नाही. दुसरी, पानं. दोन मीटरच्या रोपाला तिप्पट मोठं केलं की पानंही तिप्पट होतात, बुंधा रोपासारखाच सरळ आणि काटकुळा राहतो, आणि मोजणी बरोबर असूनही पाहणाऱ्याला ते रोपच वाटतं. मी खऱ्याच पाच-सहा मीटरच्या झाडाचा फोटो घेतला. ते Smart Object करून ठेवलं, म्हणजे लहान-मोठं करताना पानांचा तपशील हरवत नाही.

हा सगळा हिशेब सपाट जमिनीवरच चालतो. फाटकाबाहेरचा रस्ता उताराचा होता, तिथे दुसरी गाडी ठेवायला सांगितलं असतं तर क्षितिजरेषेचा उपयोग नव्हता. तिथे शेजारच्या कुंपणाच्या उंचीवरून किंवा रस्त्याच्या कठड्यावरून थेट त्या जागेचं माप घ्यावं लागलं असतं. आणि गाडी फोटोच्या अगदी कडेला नको, हे मी आर्किटेक्टला आधीच कळवलं. 24 मिलिमीटरची लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते, खिडक्याही तिथे रुंद झालेल्या होत्या. मध्यभागातून टिपलेली गाडी तिथे ठेवली तर शेजारच्या ताणलेल्या भिंतीपुढे ती अरुंद दिसते. त्यांनी गाडी मध्यापासून थोडी उजवीकडे, दाराच्या पुढ्यात चालेल असं कळवलं. तिथे ती बसली.