बेल वाजवू नका

ऑनलाइन दुकानाचं ॲप मोबाइलवरून उडवलं की खातं बंद झालं, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. परवा त्याच दुकानाच्या वेबसाइटवर लॉगिन केलं, तर सगळं जागच्या जागी. पंधरा वर्षांच्या ऑर्डरी, तीन कार्डं आणि सात पत्ते. मग पदर खोचून ते पुसायला बसले.

आधी कार्डं. त्यातल्या दोनांची मुदत कधीच संपलेली. ती राहिली तरी काय बिघडतं, असं वाटलं होतं, पण मुदत संपलेलं कार्ड मेलेलं असतंच असं नाही. पुष्कळ ठिकाणी दुकानाकडे आपला खरा नंबर नसतो, त्याच्या बदल्यात दिलेला एक टोकन असतो. बँकेनं नवं कार्ड दिलं की जुना टोकन पडद्याआड नव्या कार्डाला जोडला जाऊ शकतो. आपण ‘एक्स्पायर्ड’ वाचून निर्धास्त, आणि वर्गणी मात्र खुशाल कापली जातेय! (मागचे तीन आकडे दुकानानं दरवेळी विचारले की मी वैतागायची. व्यवहार मंजूर झाल्यावर ते साठवून ठेवायचे नाहीत, असा कार्ड कंपन्यांचा नियमच आहे, हे कळल्यापासून निमूट टाइप करते.)

तिसरं कार्ड काही निघेना. ‘हे कार्ड सदस्यत्वाशी जोडलेले आहे.’ म्हणजे आधी सदस्यत्वाचं आपोआप होणारं नूतनीकरण थांबवायचं, मग कार्ड काढायचं. मी उलट्या बाजूनं सुरुवात केली होती. एक परत केलेला दिवा होता, त्याचे पैसे यायचे होते. कार्ड काढलं तर ते अडकतील का, ही धास्ती. तसं होत नाही. परतावा मूळ व्यवहाराच्या धाग्यानं बँकेकडे जातो, यादीत कार्ड असो वा नसो. खरा धोका दुकानाच्या वॉलेटमध्ये पडलेल्या पैशांना. खातं मिटलं की बहुधा तेही बुडतात. म्हणून दिव्याचे पैसे वॉलेटमध्ये नको, कार्डावरच द्या, असं कळवलं आणि ते येईपर्यंत आठवडाभर हात आवरला. तेवढ्यात वॉरंटी चालू असलेल्या वस्तूंची बिलं उतरवून घेतली. खातं गेलं की बिलंही गेली.

पत्त्यांपाशी मात्र रेंगाळले. ‘घर’, ‘घर २’, ‘घर नवीन’. यातलं ‘नवीन’ सोडूनही सहा वर्षं झाली. ‘ऑफिस’ नावाच्या पत्त्यावरची कंपनीच आता नाही. मावशीचा पत्ता एकदाच वापरलेला, तिच्या गुडघ्याच्या पट्ट्यासाठी. आणि ‘घर २’च्या खाली, डिलिव्हरीसाठी सूचना या रकान्यात: ‘बेल वाजवू नका, बाळ झोपलंय.’ ते बाळ आता दहावीत आहे आणि दार आपटल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. ‘काढून टाका’वर बोट नेलं, मागे घेतलं, स्क्रीनशॉट काढला, आणि मग दाबलं.

पत्ते यादीतून गेले, पण जुन्या ऑर्डरी उघडल्या तर प्रत्येकीवर पत्ता तसाच. पत्त्यांची यादी वेगळी आणि बिल वेगळं. बिल हा हिशेबाचा कागद, करखात्यासाठी दुकानाला तो काही वर्षं ठेवावाच लागतो, आपण कितीही पुसलं तरी. कुरियरवाल्याची वही तर आणखी निराळी. मावशीचा पत्ता माझ्या यादीतून गेला, एवढंच माझ्या हातात होतं.

शेवटी खातं बंद करायचं बटण. ते ‘माझं खातं’मध्ये नव्हतंच, मदत, मग इतर प्रश्न, मग गोपनीयता, असं तळघरात उतरत गेल्यावर सापडलं. कारण विचारलं, ‘जाऊ नका’ म्हणून एक सवलत पुढे केली, आणि मग ओटीपी पाठवला. माझ्या जुन्या मोबाइल नंबरवर, जो मी केव्हाच सोडून दिलेला! आता तो नंबर कोणाकडे आहे देव जाणे. त्या माणसाला बसल्या जागी माझं खातं बंद करायचा मान मिळाला असता. ईमेलवरून ओळख पटवून नंबर बदलून घेण्यात दोन दिवस गेले. तो आधीच बदलायला हवा होता.

मग ‘तुमची विनंती मिळाली’ असा मेल आला. पण विनंती मिळणं म्हणजे खातं मिटणं नव्हे, म्हणून महिन्याभरानं मुद्दाम लॉगिन करून पाहिलं. ‘या ईमेलचे खाते नाही.’ बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी दुसऱ्याच एका दुकानात काहीतरी घ्यायला गेले. नावाच्या रकान्यात पहिलं अक्षर टाइप केलं आणि ब्राउझरनं अदबीनं यादी पुढे केली: तीन पत्ते, एक कार्ड. ब्राउझरनंही आपल्यापुरतं सगळं जपून ठेवलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सेटिंग्जमध्ये जाऊन कार्ड काढलं. मग पत्ते. सर्वांत वर होतं ‘घर २’.