पंचवीस हजारांपासून उलटं मोजताना: कॉप्टिकचा हिशेब तासांवर अडला

हाताने शिवलेल्या वह्या विकून महिन्याला पंचवीस हजार कमवायचा प्लॅन होता. टायमरच्या नोंदी शीटमध्ये भरल्या आणि तो आडवा झाला. साहित्याचे भाव, किंमत, मागणी सगळं जुळलंय. अडलंय ते तासांवर, म्हणून आजची नोंद जवळपास त्याच्यावरच.

महिन्याला हातात पंचवीस हजार राहायला हवेत. मोबाइल, ब्लेड, फोटो आणि वाशीच्या प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं बारा महिन्यांत वाटून, असा पाचेक हजारांचा खर्च एकही वही विकली नाही तरी होतोच. म्हणजे वह्यांमधून तीस हजार सुटायला हवेत. आपली नेहमीची कॉप्टिक शिवणीची वही, सहा सिग्नेचरची म्हणजे घडी घातलेल्या कागदांच्या सहा जुड्यांची, ७०० रुपयांना जाते. कागद, बोर्ड, कापड, धागा, गोंद, पॅकिंग आणि कमिशन मिळून २०० जातात, ५०० सुटतात. कुरिअर गिऱ्हाइकाचं. म्हणजे ६० वह्या, ४२ हजारांची विक्री.

इथवर बरं वाटतं. पण रोज लिहिणाऱ्याला एक वही साधारण चार महिने पुरते. दर महिन्याला ६० वह्या खपायच्या तर परत परत येणारी २४० माणसं हवीत. आणि वेळ? घड्या घालणं, टोचणं, शिवणं, कव्हर, सगळं धरून एका वहीला अडीच तास. त्यावर प्रत्येक ऑर्डरचा अर्धा तास: ‘निळा आहे का?’, ‘रविवारपर्यंत मिळेल का?’, मग पॅकिंग आणि नौपाड्यातल्या कुरिअरवाल्याकडची रांग. साठ वह्यांचे झाले १८० तास. खरेदी, फोटो आणि हिशेबाचे २० वेगळे. नोकरी सांभाळून माझ्याकडे महिन्याला निघतात ७५.

म्हणून शीट उलटी केली. ‘वहीमागे किती’ ऐवजी ‘तासामागे किती’. ७५ मधून ते २० वजा केले की उरतात ५५, आणि तीस हजार भागिले ५५ म्हणजे तासाला ५४५ रुपये. कॉप्टिक देते तीन तासांत ५००, म्हणजे तासाला १६७. नुसती किंमत वाढवून हे गाठायचं तर वही अठराशेच्या वर जाते. ठाण्यात त्या भावाला दोन-चार हौशी मिळतील, साठ नाही.

या आकड्याने एक भांडण मात्र कायमचं मिटवलं. साधा सुती धागा आणून घरी मेण लावलं की वहीमागे पंधरा रुपये वाचतात, पण पाच मिनिटं जातात. ५४५च्या दराने पाच मिनिटं म्हणजे ४५ रुपये. तेव्हा तयार मेणधागाच, महाग म्हणून कुणी कितीही नाक मुरडो. कागद टोचताना धरायच्या खाचेच्या लाकडी पाळण्याचंही तेच, पैसे जातात पण वेळ वाचतो: सगळ्या सिग्नेचरची भोकं एका रेषेत येतात, आणि शिवताना सुई आंधळी चाचपडत नाही.

मग कार्यशाळा मांडून पाहिली. आठ जण, प्रत्येकी १,२००. साहित्य माणशी २५० आणि खोलीचं भाडं १,५०० वजा जाता ६,१०० सुटतात. तीन तास शिकवणं, पाच तास तयारी आणि निरोपानिरोपी. तासाला साडेसातशेच्या वर. महिन्यात दोन घेतल्या तर १६ तासांत १२,२००. तीन घ्यायचा मोह होतो, पण शिकून गेलेला माणूस तीच कार्यशाळा परत करत नाही, म्हणजे दर महिन्याला चोवीस नवे चेहरे शोधायचे. त्या शोधाचे तास शीटमध्ये कुठेच नाहीत, म्हणून दोनच.

हे लिहिता लिहिता सुचलं: कार्यशाळेतच किट विकायचा. कागद घडी घालून, टोचून, बोर्ड कापून तयार, शिवण त्यांची. ४५० किंमत, २७० सुटतात, ३५ मिनिटं लागतात, आणि हातोहात दिला की ऑर्डरचा अर्धा तास वाचतो. तासाला ४६० होतात. ऑनलाइन पाठवला की लगेच २५०वर येतो, त्यामुळे कुरिअरने नाही.

सोळांपैकी निम्म्यांनी किट घेतला तर २,१६०. ५५ पैकी उरलेल्या चौतीस तासांत ऑफिसांनी भेट म्हणून द्यायचे, पॅम्फ्लेट शिवणीच्या तीन-तीन वह्यांचे संच. घाऊक ऑर्डर असल्याने तासाला २४५ पडतात, म्हणजे ८,३०० रुपये. सगळं मिळून पाच हजार वजा जाता हातात साडेसतरा हजारांच्या आसपास.

तेव्हा शीटमधलं लक्ष्य आता १७,५०० केलंय आणि कॉप्टिक फक्त स्टॉलवर मांडायला ठेवलीय. पुढच्या कार्यशाळेला आठ किट टोचून नेतेय. बोर्ड घरी कापायचा की मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून कापूनच आणायचा, ते टायमर लावून ठरवेन. ज्यांनी तिथून कापून आणलाय त्यांनी काटकोन नीट मिळतो का तेवढं सांगा.